डब्याचा रतीब आणि पावणेएकोणीसचं गुणोत्तर

सबस्क्रिप्शनला मराठीत एक जुना आणि नेमका शब्द आहे: रतीब. दुधाचा रतीब, पेपरचा रतीब. एकदा लावला की रोज दारात वस्तू येते आणि महिनाअखेर हिशेब होतो. जुन्या रतिबात एक मोठी सोय होती. नवीन गिऱ्हाईक मिळवायला दूधवाल्याला काही खर्च येत नसे. वाड्यात नवं बिऱ्हाड आलं की शेजारच्या काकूच सांगायच्या, ‘आमच्याकडे घालतो तोच लावा.’ आणि एकदा लावलेला रतीब पोरांची लग्नं होईपर्यंत चालायचा. गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च शून्य आणि त्याच्याकडून मिळणारं उत्पन्न वीस वर्षांचं. या दोहोंचं गुणोत्तर काढायची वेळ दूधवाल्यावर कधी आली नाही.

आता येते. मोबाइलवर जाहिरात दाखवून गिऱ्हाईक आणावं लागतं आणि ते दोन बटणं दाबून निघून जाऊ शकतं. म्हणून गुंतवणूकदार पहिल्या पाच मिनिटांत दोन आकडे विचारतात. एक, ग्राहक मिळवायला किती पैसे लागले. याला धंद्यातली माणसं ‘कॅक’ म्हणतात. दुसरा, तो ग्राहक सोडून जाईपर्यंत आपल्या पदरात किती टाकतो. हा एलटीव्ही, म्हणजे ग्राहकाचं आयुष्यभराचं मोल. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं, बस. चौथीतल्या मुलाला जमेल असा भागाकार आहे. घोळ होतो तो भागाकाराच्या आधी, भाज्य आणि भाजक ठरवताना.

तो घोळ मी अगदी जवळून पाहिला. माझ्या मित्राचा धाकटा भाऊ डब्यांचा धंदा करतो. कोथरूडला स्वयंपाकघर, आणि डबे जातात कोथरूड, बाणेर, वाकड आणि हिंजवडीत. महिन्याला २६ जेवणं, ३,००० रुपये, वर पाच टक्के जीएसटी. स्वयंपाकघर त्याची बायको बघते. एका देवदूत गुंतवणूकदाराला, म्हणजे नव्या धंद्यात स्वतःचे पैसे घालणाऱ्या माणसाला, भेटायच्या आदल्या संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘दादा, एकदा नजर टाक.’ सातव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं: LTV/CAC = 18.75.

मी म्हटलं, पावणेएकोणीस? एवढं असेल तर तुला गुंतवणूकदार कशाला हवाय, घर गहाण टाक आणि सगळे पैसे जाहिरातीत घाल.

त्याचा हिशेब असा होता. एक ग्राहक महिन्याला ३,००० देतो. महिन्याला आठ टक्के ग्राहक सोडून जातात. दर महिन्याला शंभरातले आठ जात असतील, तर सरासरी ग्राहक साडेबारा महिने टिकतो, एकाला ०.०८ ने भागलं की हे उत्तर येतं. तीन हजार गुणिले साडेबारा म्हणजे ३७,५००. गेल्या महिन्यात जाहिरातीवर चार लाख घातले आणि २०० नवे ग्राहक आले, म्हणजे माणशी २,०००. भागाकार पावणेएकोणीस. (आकडे मी इथे थोडे गोल केलेत, पण प्रमाण तेच ठेवलंय.)

गणित बरोबर. आत घातलेला एकही आकडा मात्र धड नाही.

पहिली चूक सगळ्यात ढोबळ आणि सगळ्यात जास्त आढळणारी. ३,००० रुपये हे ग्राहकाने दिलेले पैसे आहेत, धंद्याच्या हातात राहिलेले नव्हेत. धान्य, भाजी, तेल, गॅस आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी मिळून एका ग्राहकामागे महिन्याला १,३५० जातात. डबे धुणं आणि पॅकिंग १५०. पोचवणाऱ्या मुलाचे ६००. ऑनलाइन पैसे घेण्याची कटौती ६०. सांडलेली आमटी, उशिरा पोचलेला डबा, त्याची भरपाई धरून ९०. एकूण २,२५०. हातात राहतात ७५०. याला मी ‘शिल्लक’ म्हणेन. म्हणजे एक ग्राहक वाढला की जे खर्च वाढतात ते सगळे वजा करून उरणारी रक्कम. स्वयंपाकघराचं भाडं यात नाही, कारण एका डब्याने ते वाढत नाही. त्याचा नंबर नंतर येतो.

एलटीव्ही नेहमी या शिलकीवर काढायचा. ७५० गुणिले साडेबारा म्हणजे ९,३७५. गुणोत्तर पावणेएकोणीसवरून एका फटक्यात ४.६९ वर आलं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची ही चूक कमी दिसते, कारण त्यांच्या शंभर रुपयांतले सत्तर-ऐंशी शिल्लकच असतात. डबे, दूध, भाजी असल्या धंद्यात ती चौपट फसवते.

तो थोडा हिरमुसला, पण म्हणाला, ‘साडेचारच्या वर आहे ना? तीन लागतात.’

हे ‘तीन’ कुठून आलं, ते इथेच सांगून टाकतो. मॅट्रिक्स पार्टनर्स या अमेरिकन गुंतवणूक संस्थेतल्या डेव्हिड स्कॉक यांनी सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनसाठी दोन ठोकताळे रूढ केले: एलटीव्ही कॅकच्या तीनपट तरी असावा, आणि कॅक बारा महिन्यांच्या आत वसूल व्हावा. हा काही सिद्धांत नाही. चांगल्या चाललेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे आकडे बघून बांधलेला अंदाज आहे. तरी त्यामागचं व्यवहारज्ञान पटण्यासारखं आहे. ग्राहक आयुष्यभरात जे तीन रुपये देतो, त्यातला एक त्याला आणण्यात आधीच गेलेला असतो. दुसरा भाडं, ऑफिसातले पगार, ॲप आणि सीएची फी यात जातो. तिसरा मालकाचा. आणि आपला अंदाज चुकला तर पहिली कात्री या तिसऱ्यालाच लागते. गुणोत्तर एक आलं तर ग्राहक आणायचे आणि तेवढेच पैसे परत मिळवायचे, वरून भाडं पदरचं. एकाच्या खाली आलं तर प्रत्येक नवा ग्राहक म्हणजे नवं नुकसान. पाचाच्या वर गेलं तरी गुंतवणूकदार खूष होतीलच असं नाही. ते विचारतात, इतकं स्वस्तात मिळतंय तर हात आखडता का घेतलाय? किंवा, न विचारता मनात म्हणतात, हा काहीतरी मोजायचं विसरलाय.

आमचा पठ्ठ्या विसरलाच होता. कॅकमध्ये त्याने फक्त जाहिरातीचे चार लाख धरले होते. मी विचारलं, सोसायट्यांत आणि कंपन्यांत फिरणारी ती दोन मुलं? त्यांचे ६०,००० पगारखात्यात होते. जाहिराती चालवणाऱ्या एजन्सीचे ३०,००० ‘व्यावसायिक फी’ या सदरात. आणि तीन दिवसांचा फुकट चाखायचा डबा? तो तर स्वयंपाकघराच्या खर्चात मिसळून गेला होता. त्या महिन्यात ५०० जणांनी फुकट डबा घेतला. तीन डबे बनवून पोचवायला साधारण २६० रुपये, म्हणजे १,३०,०००. पाचशे जणांनी खाल्लं, तीनशे जणांनी हात पुसले आणि गेले. त्या तीनशे जणांचं जेवणही उरलेल्या दोनशेंच्या कॅकमध्येच येतं. सगळं धरून खर्च झाला ६,२०,०००, माणशी ३,१००.

९,३७५ भागिले ३,१०० म्हणजे ३.०२.

हे उत्तर आल्यावर तो खुर्चीत मागे टेकला. तीनला अगदी खेटून वर. बरेच जण इथेच थांबतात आणि मला खात्री आहे, पुण्यात आणि बंगळुरात गुंतवणूकदारांसमोर जाणाऱ्या कितीतरी स्लाइडवरचं तीन हे असंच, थांबण्याची योग्य जागा हेरून आलेलं असतं. खरा मामला याच्या पुढे आहे.

त्याची बायको तोपर्यंत आत चहा घेत बसली होती. तिला विचारलं, वहिनी, नवीन ग्राहकाची नोंद कुठे करता? तिने पिशवीतून एक लांबट वही काढली. डावीकडे नाव आणि पत्ता, मग सुरू झाल्याची तारीख, मग एका रकान्यात ‘जा’ किंवा ‘ओ’. ‘जा’ म्हणजे जाहिरातीतून आलेला, ‘ओ’ म्हणजे ओळखीतून. आणि ज्याने डबा बंद केला त्याच्या नावापुढे लाल पेनाने ‘बंद’, तारीख, आणि जमलं तर कारण. कुठल्याही डॅशबोर्डवर नव्हतं ते सगळं त्या वहीत होतं.

त्या महिन्यातल्या २०० पैकी ४५ ‘ओ’ होते. कुणी कलीगच्या डब्यातली भरली वांगी खाऊन आलेला, कुणाला बहिणीने सांगितलेलं. हे लोक जाहिरात बंद असती तरी आले असते. मग ६,२०,००० हा खर्च उरलेल्या १५५ जणांवरच पडला, माणशी ४,०००. याला ‘पेड’ कॅक म्हणतात आणि आधीच्या ३,१०० ला ‘ब्लेंडेड’, म्हणजे मिसळलेला. चतुर गुंतवणूकदार दोन्ही मागतो, कारण तो जे पैसे घालणार ते जाहिरातीत जाणार आहेत. त्याच्या पैशाने ओळखीतले ग्राहक वाढत नाहीत. गुणोत्तर आलं २.३४.

आता राहिला गळतीचा आठ टक्के. हा आकडा कसा काढला? महिन्यात ११२ जणांनी डबा बंद केला आणि महिनाभरातल्या नव्या-जुन्या सगळ्यांची मिळून १,४०० जणांची यादी होती. ११२ भागिले १,४००. पण त्या यादीत त्याच महिन्यात आलेले २०० नवे लोक आहेत. पैसे भरून आठवडाच झालाय, ते एवढ्यात कुठे जाणार? महिन्याच्या सुरुवातीला १,२०० होते, त्यातले ११२ गेले. गळती सव्वानऊ टक्क्यांच्या थोडी वर. धंदा जितका वेगाने वाढतो, तितकी ही चूक गळतीला झाकते. वाढ थांबली की अचानक गळती ‘वाढलेली’ दिसते, प्रत्यक्षात ती पहिल्यापासून तेवढीच असते.

पण याहून मोठी गोष्ट वहीने दाखवली. त्या ११२ लाल नोंदींपैकी ९० ‘जा’ वाल्यांच्या होत्या आणि फक्त २२ ‘ओ’ वाल्यांच्या. त्या १,२०० मध्ये ‘ओ’ वाले होते सुमारे ७५०. म्हणजे ओळखीतून आलेल्यांत महिन्याला तीन टक्के गळती आणि जाहिरातीतून आलेल्यांत वीस. या दोन संख्या एकत्र घोटून जो आठ-नऊ टक्के निघतो, तसा वागणारा ग्राहक त्या धंद्यात एकही नव्हता. हौदात एक तोटी गरम आणि एक गार सोडून ‘पाणी कोमट आहे’ म्हणण्यापैकी आहे हे. दोन वेगळे धंदे एकाच स्वयंपाकघरातून चालले होते.

म्हणून सरासरी गळती सोडून द्यायची आणि तुकडी धरायची. एका महिन्यात जाहिरातीतून आलेले १०० जण घ्यायचे आणि ते दर महिन्याला किती उरले हे मोजत जायचं. इंग्रजीतून आलेला शब्द ‘कोहोर्ट’, पण दहावीची तुकडी म्हणतो तशी तुकडी म्हणा, काही बिघडत नाही. वहीतून आम्ही जुन्या ‘जा’ तुकड्यांची सरासरी काढली. पहिल्या महिन्यात १००. दुसऱ्या महिन्याचे पैसे भरले ७० जणांनी. तिसऱ्याचे ५५, मग ४६, ४०, ३६. पुढे उतार मंदावतो: ३२, २९, २६, २४, २२ आणि बाराव्या महिन्यात २०.

या आकड्यांची फक्त बेरीज करायची. एकूण ५००. म्हणजे शंभर जणांनी मिळून वर्षात ५०० महिन्यांचे पैसे भरले, माणशी पाच महिने. सूत्रातले साडेबारा कुठे आणि हे पाच कुठे. माणशी शिल्लक ७५० गुणिले पाच, ३,७५०. त्याला आणायला गेले होते ४,०००. वर्ष संपलं तरी घातलेले पैसे परत आलेले नाहीत.

वर्षानंतर उरलेले २० जण पुढेही काही काळ राहतील, त्यांना सोडून देणं अन्याय्य होईल. त्यांच्यात महिन्याला नऊ टक्के गळती धरली आणि दुसऱ्या वर्षाअखेर हिशेब थांबवला, तर माणशी आणखी साधारण १.४ महिने मिळतात. एकूण ६.४ महिने, ४,८०० रुपये. दोन वर्षांवर मी मुद्दाम थांबतो. ज्या धंद्याला तिसरं वर्ष लागायचंय, त्याने ग्राहक पाच वर्षं टिकेल असं लिहिणं म्हणजे पत्रिका मांडणं.

४,८०० भागिले ४,०००. उत्तर १.२.

मी पेन खाली ठेवलं. तो बराच वेळ वहीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, आणि ‘ओ’ वाल्यांचं? तीन टक्के गळतीने दोन वर्षांत माणशी सतरा महिन्यांच्या थोडे वर, म्हणजे सुमारे १३,००० रुपये. त्यांना आणायला जवळजवळ काहीच खर्च नाही. तिथे गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही, भाजक शून्याजवळ गेला की उत्तर भलतंच फुगतं. एवढं कळलं की धंदा वाईट नाही, पण जाहिरातीने वाढणारा भाग कसाबसा खर्च भागवतोय आणि ओळखीतले ग्राहक त्याला पोसतायत.

गुणोत्तराइतकाच दुसरा प्रश्न वेळेचा. घातलेले ४,००० कधी वसूल होतात? नेहमीचा हिशेब ४,००० भागिले ७५०, म्हणजे साडेपाच महिन्यांच्या आत. हे सगळे ग्राहक टिकून राहिले तर. तुकडीच्या हिशेबाने चौदावा महिना उजाडतो. आता दर महिन्याला असे १५५ लोक आणत राहिलं तर काय होतं बघा. दरमहा ६,२०,००० बाहेर जातात. पहिल्या महिन्यात त्या तुकडीकडून शिल्लक येते १,१६,०००. दुसऱ्या महिन्यात दोन तुकड्यांची मिळून दोन लाखांच्या आसपास. बाराव्या महिन्यात बारा तुकड्या मिळून येतात ५,८१,०००, म्हणजे तरीही बाहेर जाणाऱ्यापेक्षा कमीच. वर्षभराची जमा-खर्चाची तफावत बेरीज केली तर २७ लाखांचा खड्डा पडतो, आणि त्यात अजून स्वयंपाकघराचं भाडं धरलेलं नाही. गुणोत्तर १.२ म्हणजे कागदावर फायदा. पण तो फायदा यायच्या आधी किराणावाल्याची उधारी थकते.

मोठ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे ग्राहक वर्षाचा करार करतात आणि वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे तिथे वसुलीला दीड वर्ष लागलं तरी गुंतवणूकदार ऐकून घेतात. महिन्याच्या महिन्याला पैसे भरणारा आणि वाटेल तेव्हा सोडणारा घरगुती ग्राहक असेल तर वर्षाच्या आत वसुली हवीच, सहा महिन्यांत झाली तर उत्तम. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले तर खड्डा बराच भरतो. ९,००० ऐवजी ८,४०० घ्यायचे. शिल्लक ६०० ने कमी होते, पण पैसे आज हातात येतात आणि दुसऱ्या महिन्याला ‘चालू ठेवू का बंद करू’ हा प्रश्नच ग्राहकासमोर येत नाही.

डब्याचाच एक मोठा, जाहीर दाखला अमेरिकेत आहे. ब्लू एप्रन नावाची कंपनी स्वयंपाकाचं मोजून दिलेलं सामान दर आठवड्याला सबस्क्रिप्शनने घरी पाठवायची. २०१७ मध्ये ती शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य जवळपास दोन अब्ज डॉलर धरलं गेलं. ग्राहक आणायला सूट आणि फुकट पेट्या सढळ हाताने वाटलेल्या. सूट संपली की लोक निघून जायचे, त्यांच्या जागी नवे आणायला आणखी खर्च. २०२३ मध्ये ती दुसऱ्या कंपनीने घेतली ती सुमारे दहा कोटी डॉलरला. अन्नाच्या सबस्क्रिप्शनला गुंतवणूकदार दबकून असतात याचं एक कारण हे.

आणखी एक गोष्ट सूत्रात दिसत नाही. बेंचमार्क या संस्थेतले गुंतवणूकदार बिल गर्ली यांनी २०१२ मध्येच लिहिलं होतं की हे सूत्र मोहात पाडतं, कारण त्यातले आकडे एकमेकांपासून सुटे आहेत असं वाटतं आणि ते तसे नसतात. खर्च दुप्पट केला की ग्राहक दुप्पट होत नाहीत. जे लोक डब्याची वाटच बघत होते ते पहिल्या लाखात येतात. चौथ्या लाखात जे येतात त्यांना ओढूनताणून आणलेलं असतं आणि तेच आधी गळतात.

हे आम्हाला पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष दिसलं. गुंतवणूकदाराची भेट त्याने पुढे ढकलली (यासाठी मोठं मन लागतं, मान्य), आणि जाहिरात चार लाखांवरून दीड लाखावर आणली. एजन्सी बंद. फुकट डबे ५०० वरून २५०. सगळा खर्च २,७५,०००. जाहिरातीतून आलेले ग्राहक १५५ वरून १०० वर आले, माणशी २,७५०. म्हणजे आधीच्या महिन्यातल्या जास्तीच्या ५५ ग्राहकांवर ३,४५,००० खर्च होत होते, माणशी सव्वासहा हजारांच्या वर! सरासरी ४,००० च्या आत ते लपून बसले होते. गुंतवणूकदाराचा नवा पैसा ज्या ग्राहकांवर खर्च होणार ते असे, काठावरचे. म्हणून ‘पुढचा ग्राहक कितीला?’ हा प्रश्न ‘आतापर्यंतचा ग्राहक कितीला पडला?’ याहून महत्त्वाचा.

कॅक कमी झाला तरी २,७५० वर ४,८०० म्हणजे पावणेदोनच. उरलेलं काम गळतीत होतं, आणि तेही शंभरातले जे ३० पहिल्या महिन्यानंतरच जात होते त्यांच्यात. वहिनींच्या वहीत कारणं होती. वाकडला डबा सव्वाला पोचतो, जेवणाची सुट्टी साडेबाराला. आठवड्यात दोनदा कोबी. आणि हिंजवडीच्या कंपन्यांतला सगळ्यात मोठा गट: ऑफिसला आठवड्यातून तीनच दिवस जातो, २६ डब्यांचे पैसे का भरू? त्यांच्यासाठी १२ डब्यांची योजना काढली. तिच्यात शिल्लक अर्ध्याहून कमी आहे, त्यामुळे तिची तुकडी वेगळी मांडायची असं ठरलं, नाहीतर पुन्हा गरम-गार पाणी एकत्र.

आणि ११२ मधले १९ तर गेलेच नव्हते. त्यांच्या खात्यातून आपोआप होणारं पेमेंट फसलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापायच्या आधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जाते. महिनाअखेर खात्यात पैसे नसतात, कार्डाची मुदत संपलेली असते, कुणी सूचना बघून नकळत परवानगी रद्द करतं. सॉफ्टवेअरने त्यांना ‘बंद’ केलं, डबा थांबला, आणि समोरच्याला वाटलं यांनीच बंद केला. फिरणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला आता दर महिन्याच्या एक ते चार तारखेला फक्त फोन करायला बसवतात. पहिल्याच महिन्यात तशा १७ पैकी ११ जण परत सुरू झाले. त्यांना परत आणायचा कॅक म्हणजे फोनचं बिल.

नव्या तुकडीत दुसऱ्या महिन्याचे पैसे ७० ऐवजी ८० जणांनी भरले. पुढचे महिनेही त्याच प्रमाणात सुधारले तर गुणोत्तर दोनाच्या जवळ जाईल. पण ही तुकडी गणपतीनंतरची आहे. दिवाळीला अर्धं वाकड गावी जातं आणि परत आल्यावर सगळेच डबा पुन्हा लावतात असं नाही, हे वहिनींना चांगलं ठाऊक आहे.

गुंतवणूकदाराला तो शेवटी भेटला तेव्हा सातव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांतलं गुणोत्तर नव्हतंच. तुकड्यांचा तक्ता होता, ‘जा’ आणि ‘ओ’ वेगळे, आणि खाली १.७५. त्या गृहस्थांनी तक्ता दोनदा वाचला, ‘जा’ म्हणजे काय ते विचारलं आणि हसले. म्हणाले, ‘दिवाळी जाऊ दे. जानेवारीत या तुकडीचा पाचवा रकाना भरला की ये, आणि ती वही घेऊन ये.’